खिडकीतला हिरवा

ताईला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. कारण लागायचंच, फक्त ते ताईला चार माणसांच्या आधी दिसायचं. बाकीचे "चालतंय की" म्हणत असताना ती कापडाची घडी उलगडून, दारात नेऊन, "काय चालतंय? ही कॉलर बघा आणि ही बाही बघा, एका अंगरख्याच्या वाटतात का?" असं विचारत उभी असायची. आणि बाही खरंच वेगळ्या छटेची निघायची. मग ज्याने ते कापड आणलं असेल त्याची खैर नसे.

तिचं दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, इस्त्री, कपडे घालून बघायला पडद्याआडची चिंचोळी जागा, आणि रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. ही खिडकी उत्तरेकडची. त्यामुळे तिथून थेट ऊन कधीच येत नसे, दिवसभर एकसारखा, शांत उजेड असायचा. घर घेताना नवरा स्वयंपाकघर बघत होता, बाथरूमचे नळ सोडून बघत होता, आणि ही खिडकीपाशी उभी राहून आपल्या पदराचा दोरा उजेडात धरून बघत होती. "घ्या हेच," म्हणाली. नवऱ्याने नळ गळतोय म्हणून सांगितलं. "नळ दुरुस्त होतो हो, खिडकी नाही होत," म्हणाली. नवरा बस चालवायचा, आता निवृत्त झाला होता, आणि संसारात कुठे ब्रेक मारायचा आणि कुठे नुसतं हळू घ्यायचं हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

पूर्वी ताई कापड आणायला कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायची. तिथला मालक तिला बघितलं की कपाळाला हात लावायचा, कारण ही बाई ठाण उचलून सरळ फुटपाथवर घेऊन जायची. "दुकानातल्या ट्यूबखाली सगळेच गोरे दिसतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. उन्हात, सावलीत, हातावर टाकून, मुठीत चुरगळून, मगच कापायला सांगायची. ते दुकान बंद पडलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून कापड फोनवर बघायचं आणि फोनवरच मागवायचं, अशी वेळ आली. फुटपाथ गेला. उरले फोटो.

आणि फोटोंचा ताईला जितका राग होता, तितका तिला आपल्या सासूचाही कधी आला नव्हता.

पहिल्या वर्षी ती तीनदा फसली. डाळिंबी म्हणून मागवलेलं विटकरी आलं. जाड दिसणारं कापड आलं ते एवढं झिरझिरीत की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. तिसऱ्यांदा फसल्यावर मात्र ती चवताळून उठली आणि तिने फोटो वाचायला शिकून घेतलं. कुणी शिकवलं नाही, रागाने शिकवलं.

तिची पद्धत अशी. आधी फोनची चमक एका जागी पक्की करायची, डोळ्यांना बरं म्हणून पडद्यावर जो पिवळसर थर चढतो तो बंद करायचा. मग हातातला नमुना खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवून आपणच त्याचा फोटो काढायचा. आता फोटोची तुलना फोटोशी, तीही एकाच पडद्यावर. हातातलं कापड पडद्याला लावून बघणारे लोक तिच्या मते पाण्यात सावली मोजणारे. त्यानंतर विक्रेत्याच्या फोटोत पांढरं शोधायचं. लेबल, भिंत, पुतळ्याची मान, काहीही. ते पांढरं जर पिवळं दिसत असेल, तर कापडावरही तेवढीच पिवळी झाक चढलेली आहे. निळसर दिसत असेल, तर निळी. पांढरं कुठेच नसेल, तर माणूस काहीतरी लपवतोय. मग फोटो मोठा करायचा. विणीचा दाणा दिसतो की लोण्यासारखा पसरतो? दिवा समोरून मारला की कापड सपाट, गुळगुळीत दिसतं. बाजूने उजेड आला की दाणा, गाठ, सुरकुती सगळं उघडं पडतं. म्हणून ज्याच्या फोटोत सुरकुत्या दिसतात तो माणूस बहुतेक सरळ. शेवटी गिऱ्हाइकांनी घरी काढलेले फोटो बघायचे, आणि तरीही शंका असली तर विक्रेत्याला निरोप: "सकाळी खिडकीपाशी, थेट उन्हात नको, फ्लॅश नको, शेजारी कोरा कागद ठेवून एक फोटो पाठवा."

निम्मे विक्रेते उत्तरच देत नसत. जे देत, त्यांच्याकडून ती घेत असे.

एवढ्यावर ती थांबत नसे. कापड आलं की खिडकीपाशी कोऱ्या कागदावर ठेवून ती स्वतः फोटो काढायची आणि विक्रेत्याच्या पानावर, गिऱ्हाइकांच्या मतांखाली, टाकायची. खाली दोन ओळी. "फोटोत राखाडी, प्रत्यक्षात जांभळट. दाणा बारीक, चमक आहे." चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. शिवणकाम करणाऱ्या बायकांचा फोनवर एक गट होता, त्यात कुणी नवं कापड बघितलं की पहिला प्रश्न यायचा: "ताईंचा फोटो आहे का यावर?" नवरा म्हणायचा, "तुझ्यापेक्षा न्यायाधीश बरे, ते निदान जेवायला उठतात."

आता धाकटीचं सांगायला हवं.

ताई आणि तिची धाकटी बहीण यांच्यात बारा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, वडील कामावर, म्हणून धाकटीला कडेवर घेऊन वाढवलं ते ताईनेच. घरात तिचं नाव चिंगी पडलं ते कायमचं. चिंगी दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि ताईच्या रागावर हसणारी जगातली एकमेव व्यक्ती. ताई पेटली की चिंगी म्हणायची, "झालं का? पाणी आणू?" आणि ताईला हसू फुटायचं. चिंगीचं लग्न टिकलं नाही. दोन पेट्या घेऊन ती बाहेर पडली, एका खोलीत राहू लागली, आणि तिथूनच तिने कापड विकायचा उद्योग सुरू केला. गिरण्यांचे उरलेले तागे उचलायचे, फोटो काढायचे, फोनवर विकायचे. पलंगाखाली ठाणं, कपाटावर ठाणं, न्हाणीघराच्या दारामागेही ठाणं. धंदा हळूहळू बरा चालायला लागला होता. ताईला तिचा अभिमान होता. फक्त तिच्याकडून तिने कधी कापड घेतलं नव्हतं.

"सगळ्या जगाकडून घेतेस, माझ्याकडून नाही," चिंगी एकदा म्हणाली. हसतच म्हणाली, पण ते ताईला लागलं.

त्या महिन्यात गाण्याच्या बाई आल्या. त्यांचा बायकांचा गायनवृंद होता. दोन वर्षांपूर्वी ताईनेच सगळ्यांचे लांब गाउन शिवले होते, गडद बाटली हिरव्या क्रेपचे, बारीक दाण्याचे, अजिबात न चमकणारे. आता चार नव्या बायका आल्या होत्या आणि कार्यक्रम तोंडावर होता.

"जुन्यांच्या शेजारी नव्या उभ्या राहिल्या की ओळखू येता कामा नयेत," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी दुसऱ्या एका वृंदात बघितलं मी. तीन बायका वेगळ्या हिरव्या. सगळा वेळ लोक त्यांच्याकडेच बघत होते, गाणं कुणी ऐकलंच नाही. तुमच्यावर सोडते."

"सोडा," ताई म्हणाली. हे तिचं एका शब्दाचं वचन. या शब्दावर ती जगत होती म्हणा ना.

मूळ विक्रेत्याकडे तो क्रेप संपला होता. ताईने जुन्या गाउनची शिलकीतली चिंधी काढली, खिडकीपाशी फोटो काढला आणि शोध सुरू केला. सहा-सात जणांकडे हिरवा क्रेप होता. दोघांचा फोटो एकच, म्हणजे कुणीतरी कुणाचा तरी उचललेला. ते गेले. एकाच्या फोटोतली पुतळ्याची मान निळी पडली होती. गेला. एकाचं कापड मोठं करून बघितलं तर दाण्याच्या जागी नुसती साय. गेला. शेवटी दोन उरले.

एक होता कुणीतरी दूरच्या गावचा माणूस. त्याचा फोटो बघून नवरा हसला. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर कापड भिरकावलेलं, चुरगळलेलं, रंग मेलेला, कोपऱ्यात त्याच्या पायाचा अंगठा. "हा कापड विकतोय की धुणं वाळत घालतोय?" पण खुर्ची पांढरी होती आणि पांढरीच दिसत होती. सुरकुतीच्या कडेला दाणा स्पष्ट होता. ताईच्या फोटोशेजारी ठेवला तर जुळा भाऊ.

दुसरी चिंगी. तिचा फोटो बघून डोळे निवत. काळपट लाकडी पाट, त्यावर लाटेसारखं टाकलेलं हिरवं कापड, शेजारी सुकलेलं फूल आणि कॉफीचा कप. रंग अगदी तोच, गडद बाटली हिरवा, खोल. पण पांढरं कुठेच नव्हतं. कप तपकिरी होता. ताईच्या पद्धतीने हा फोटो पहिल्याच फेरीत बाद व्हायला हवा होता.

तिने फोन केला. "चिंगे, तो हिरवा खरा तसाच आहे?"

"डिट्टो," चिंगी म्हणाली.

"क्रेपच आहे ना? चमक नाही?"

"अगं ताई, तुला मी खोटं सांगेन का? घे की एकदा. बघ तरी बहिणीचा माल."

आणि ज्या बाईने अनोळखी माणसांकडून खिडकीपाशी कोऱ्या कागदासह फोटो मागवले, मिळाले नाहीत तर कापड सोडून दिलं, तिने आपल्या बहिणीकडे तो एक फोटो मागितला नाही. घरच्या माणसाला काय कागद ठेवायला सांगायचं? लाज वाटली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवाल्याला बाजूला सारून तिने चिंगीकडे मागणी नोंदवली आणि मनात म्हणाली, चला, तिचंही मन राहिलं.

पार्सल सकाळी आलं. ताईने पिशवी फोडली, कापड खिडकीपाशी नेलं आणि तिथेच उभी राहिली.

ते हिरवं नव्हतं. मोरपंखी होतं. निळसर, ढळढळीत मोरपंखी. वर हात फिरवला की बोटाखाली दाणा लागत नव्हता, उजेडात कापड मुद्दाम चमकत होतं, जणू तिला वेडावून दाखवत होतं. तिने जुनी चिंधी त्यावर ठेवली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

नवरा चहा घेऊन आला, कापड बघितलं, तिचा चेहरा बघितला आणि चहा टेबलावर न ठेवता स्वतःच पिऊन टाकला.

ताईने एकच प्रयोग केला. कापड उचलून पडद्याआड नेलं, तिथला पिवळा बल्ब लावला. आणि मोरपंखी तिच्या डोळ्यांदेखत हिरवं झालं. पिवळ्या उजेडात निळं मरतं, उरतो तो हिरवा. चिंगीने हाच उजेड वापरला होता, वर फोटो थोडा गडद केला होता, एवढंच. जादू नाही काही नाही. शुद्ध फसवणूक.

ती फोन करत बसली नाही. थेट चिंगीच्या खोलीवर गेली, कापड बगलेत मारून.

चिंगी पाटावर नवं कापड मांडत होती. कॉफीचा कप तिथेच होता, आणि त्यात कॉफी नव्हती, टाचण्या होत्या. पाटावर पिवळ्या दिव्याची मान झुकलेली. खिडकीला जाड पडदा.

"हा पडदा उघड," ताई म्हणाली.

"ताई, बस तरी."

"पडदा उघड म्हणते ना!" ताईने स्वतःच खेचला. दांडीसकट खाली आला. "हे काय आहे? कुठला रंग आहे हा? सांग. मोठ्याने सांग, शेजाऱ्यांनाही कळू दे."

चिंगीने कापडाकडे बघितलंही नाही. "थोडा निळा आहे."

"थोडा? चिंगे, तू हे खिडकीत बघितलं होतंस की नव्हतं?"

चिंगी पाटावरचं कापड उगाच सारखं करू लागली.

"बघितलं होतंस की नाही, एवढंच विचारते."

"बघितलं होतं," चिंगी म्हणाली. "मला वाटलं जमून जाईल. रात्रीचा कार्यक्रम, स्टेजचे दिवे. कोण बघणार एवढं?"

"मी बघणार! मी! दुसरं काय करते मी आयुष्यभर?" ताईचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "त्या बाईंनी माझ्यावर सोडलंय. मी तुला विचारलं, चमक आहे का? तू म्हणालीस, तुला खोटं सांगेन का. परक्याने फसवलं असतं तर मी दोन ओळी लिहिल्या असत्या आणि विसरले असते. तू फसवलंस!"

आता चिंगीही उसळली. ती शांत होती म्हणून तिला राग नव्हता असं नाही. "खरा फोटो टाकला की कुणी बघत नाही, ताई! टाकून बघितलाय मी. खिडकीतला, सुरकुत्यांचा. पंधरवडाभर एक माणूस फिरकला नाही. त्याच ताग्याचा फोटो दिव्याखाली काढला, दुसऱ्या दिवशी अर्धा विकला गेला. लोकांनाच खोटं हवंय. आणि तू कुठली सत्यवादी लागून गेलीस? तुझ्या त्या पडद्याआड पिवळा बल्ब कशाला लावलायस? गिऱ्हाईक आरशात गोरं, गुबगुबीत दिसावं म्हणूनच ना? तिथे कुणाला खिडकीपाशी नेतेस का?"

 ताईला इतका संताप आला की ती मोरपंखी कापड पाटावर आपटून तशीच बाहेर पडली. कप लवंडला, टाचण्या सगळीकडे झाल्या. जिन्यात तिला आठवलं की लहानपणी चिंगीच्या पायात टाचणी गेली होती तेव्हा आपण ती दातांनी ओढून काढली होती. आठवलं आणि अजूनच राग आला, की या वेळी हे कशाला आठवायचं.

घरी येऊन तिने पहिल्यांदा स्टूल ओढलं आणि पडद्याआडचा पिवळा बल्ब काढून पांढरा लावला. नवरा खालून स्टूल धरून होता. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, "ताई, आज मी आजारी दिसतेय का हो?" ताई म्हणाली, "रोजच दिसता." ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवाला. त्याला निरोप पाठवला, त्याने लगेच खिडकीतला फोटो पाठवला, कागदासह, अंगठ्यासह. कापड आलं. तोच दाणा, तोच हिरवा. आता अगदी केसाएवढा फरक होता, कारण रंगाचा घाणा वेगळा म्हणजे छटा वेगळी, हे कुणाच्या बापालाही चुकत नाही. ताईने गाण्याच्या बाईंना तेही सांगितलं. "चौघींना एकत्र उभ्या करू नका. जुन्यांच्या मध्ये एकेक पेरा, मग कळणार नाही." दिवसरात्र मशीन चाललं. कार्यक्रम झाला, नव्या बायका कोणत्या हे कुणालाही ओळखता आलं नाही. गाणं लोकांनी ऐकलं म्हणे. ताई गेली नव्हती. तिचं डोकं दुसरीकडेच होतं.

कारण एक गोष्ट राहिली होती. चिंगीच्या त्या हिरव्या कापडाच्या पानावर ताईचा फोटो पडला नव्हता.

पडणारही नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बहीण आहे. एकटी आहे. त्या पलंगाखालच्या ठाणांवर तिचं पोट आहे. ताईने वाईट लिहिलं की बायका दुकान सोडून जातात हे ताईला माहीत होतं, दोन-तीन विक्रेत्यांचं तसं झालेलंही होतं, आणि तेव्हा तिला जराही वाईट वाटलं नव्हतं. म्हणून ती गप्प बसली. गप्प बसणं तिच्या अंगवळणी नव्हतं, त्याने तिला आंबट ढेकर यायला लागले.

आणि मग गटात निरोप आला. कुणीतरी अनोळखी शिवणकामवाली, दुसऱ्या टोकाच्या गावची. तिने चिंगीच्याच कापडाचा फोटो टाकला होता, पाट, फूल, कप, सगळं. "एका घरच्या सगळ्या मुलींचे कपडे शिवायचे आहेत, आधीच्या हिरव्याशी जुळायला हवेत. हा रंग खरा आहे का? ताई, तुमचा फोटो दिसत नाही यावर. पण तुम्ही बघितलं असेल ना?"

ताईने तो निरोप वाचला, फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने उचलून परत वाचला. मग चिंगीला फोन लावला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"चिंगे, तो फोटो बदल. तूच बदल. खिडकीत काढ, मोरपंखी म्हणून लिही. मोरपंखीही विकतं, चांगलं विकतं. मला काही करायला लावू नकोस."

पलीकडे ठाण सरकवल्याचा आवाज आला. मग चिंगी म्हणाली, "थोडा माल उरलाय, ताई. तेवढा जाऊ दे. मग बदलते."

"तेवढा कुणाच्या गळ्यात मारणार आहेस?"

"सगळे तेच करतात."

"बाकीच्यांना मी कडेवर घेऊन फिरले नव्हते!" ताई ओरडली. "उद्या संध्याकाळपर्यंत बदल. नाहीतर माझ्याकडे तुझ्या मोरपंखीची चिंधी आहे."

"लिही मग," चिंगी म्हणाली. आवाज थंड होता. "लिहायचं असेल तर लिही. तुला काय, तुझी खिडकी आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताईने चिंगीचं पान उघडून किती वेळा बघितलं ते तिचं तिलाच ठाऊक. पाट तिथेच. फूल तिथेच. कप तिथेच. नवरा म्हणाला, "राहू दे गं. त्या बाईला खासगीत सांग, नको घेऊ म्हणून. चिंगीचंही राहील, तिचंही राहील."

"आणि तिच्यानंतरची? आणि तिच्यानंतरची?" ताई म्हणाली. "परक्यांना चव्हाट्यावर आणायचं आणि घरच्याला खासगीत झाकायचं, हेच करायचं होतं तर इतकी वर्षं काय मी नुसता लोकांवर डूख धरत होते?"

"लोक तसंच म्हणतात," नवरा हळूच म्हणाला, पण ब्रेक लागायला थोडा उशीर झाला होता. ताईने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो भाजी आणायला निघून गेला, भाजी घरात असताना.

उजेड जायच्या आत ती खिडकीपाशी गेली. पार्सलबरोबर आलेली कडेची चिंधी तिने कोऱ्या कागदावर ठेवली. शेजारी जुन्या गाउनची चिंधी. फोटो काढला. कागद पांढरा आला, मोरपंखी मोरपंखी आलं, चमकसुद्धा नीट आली. इतका खरा फोटो तिच्या हातून क्वचितच निघाला असेल. खाली तिने लिहिलं, नेहमीसारखंच, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही: "फोटोत बाटली हिरवा, प्रत्यक्षात मोरपंखी. पिवळ्या दिव्याखाली काढला आहे. क्रेप नाही, दाणा नाही, चमक आहे. हिरव्याशी जुळवायचं असेल तर घेऊ नये." एक तारा दिला. 

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती फोनची वाट बघत होती. चिंगी फोन करणार, तणतणणार, रडणार, भाऊजींना मध्ये घालणार, "तू बहीण आहेस की वैरीण" म्हणणार. ताईने सगळी उत्तरं तयार ठेवली होती. काही कडक होती. शेवटी, सगळं बोलून झाल्यावर, म्हणायचं एक मऊ वाक्यही तिने शोधून ठेवलं होतं, की ये, माझ्या खिडकीत येऊन काढ सगळे फोटो, मी कागद धरते.

फोन आला नाही. त्याऐवजी दुपारी फोनवर टिंग झालं. "विक्रेत्याने आपल्या मताला उत्तर दिलं आहे."

ताईने मशीन थांबवलं, हात पुसले, चष्मा लावला.

पानावरचा फोटो बदलला होता. पाट नाही, फूल नाही, कप नाही. खिडकीचा उजेड, कोरा कागद, कापडावर दोन सुरकुत्या. नावापुढे "मोरपंखी, चमकदार" असं नीट लिहिलं होतं. फोटो चांगला होता. ताईने तो मोठा करून बघितला, सवयीने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकही खोट नव्हती.

त्याखाली, तिच्या एका ताऱ्याच्या खाली, उत्तर होतं.

"प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण निदर्शनास आणून दिलेली चूक दुरुस्त करण्यात आली आहे. आपली रक्कम परत करण्यात येईल. पुन्हा संधी द्यावी ही विनंती."

नवरा दारात उभा होता. "काय म्हणतेय चिंगी?"

 ताईने ती पहिली दोन अक्षरं पुन्हा वाचली, मग त्यापुढची तीन. कुठे एखादी रेघ, एखादा टोमणा, एखादी शिवी लपली असेल म्हणून तिने तो मजकूरही बोटांनी ओढून मोठा केला, कापडाचा दाणा बघावा तसा. काही नव्हतं. सगळं गुळगुळीत होतं.

"शिव्या घालायच्या होत्यास गं," ती फोनला म्हणाली. "कार्टे, चार शिव्या घालायच्या होत्यास मला."